छत्तीस बीची बावीस वर्षं

सोसायटीच्या सत्यनारायणाला आरती रंगात आली होती. टाळ्यांचा ठेका वाढत चालला होता, आणि नेमकं तेव्हाच प्रस्तुत लेखिकेच्या डाव्या काखेत कुणीतरी टोचलं. कुणीतरी म्हणजे तिच्याच ब्राची वायर. उरलेली आरती तिने डावा कोपर बरगडीला चिकटवून, पंख मोडलेल्या कोंबडीसारखी म्हटली. शेजारच्या काकूंनी खांदा आखडल्याचं निदान केलं आणि तिळाच्या तेलाचा उपाय सांगितला. तीर्थ घेताना हात पुढे करावाच लागला, तेव्हा वायर आणखी अर्धा इंच बाहेर आली. भटजींना वाटलं, यजमानीण भक्तीने गहिवरली.

घरी येऊन तिने ती वायर ओढून टेबलावर ठेवली. घोड्याच्या नालेसारखी वाकलेली, पण एक पाय आखूड आणि एक लांब. यजमानांनी चष्मा लावून पाहिली आणि विचारलं, "कुठल्या बादलीची कडी निघाली?" यजमान निवृत्त सिव्हिल इंजिनियर आहेत. घरातली कुठलीही वस्तू निखळली की तिची भारवहनक्षमता काढायची त्यांना सवय आहे. या बादलीचं नाव कळल्यावर मात्र ते पेपरमागे गेले.

आता बाईला शिवण येतं, हाच सगळा घोटाळा. तरुणपणी तिने शिवणक्लास केलेला, नात्यातल्या निम्म्या लग्नांची ब्लाउजं तिच्या मशिनवरची. ब्लाउज बिघडलं की उसवून पाहायचं, ही क्लासच्या बाईंची शिकवण. म्हणून तिने ब्लेड घेतलं आणि ती ब्रा उसवली. तासाभराने टेबलावर अठ्ठावीस तुकडे होते. एकेका कपाचे तीन, म्हणजे सहा. पाठीकडे जाणारे दोन पंख. दोन कपांच्या मधला छोटा पूल आणि त्याचं अस्तर. कपांखालची चौकट दोन तुकड्यांची. वायरी दोन, त्यांच्या नळ्या दोन. खालचं इलॅस्टिक एक, काखेची दोन. खांद्याचे स्ट्रॅप दोन, त्यांच्या रिंगा दोन आणि पुढेमागे सरकणाऱ्या कड्या दोन. एक हुकांची पट्टी, एक फासांची. आणि मधोमध लावलेला एक बारका सॅटिनचा बो. सत्तावीस तुकडे काही ना काही काम करत होते. बो कुणासाठी होता, हे अजून कळलेलं नाही.

तिचं ब्लाउज अस्तरासकट पंधराएक तुकड्यांत होतं, आणि त्याची शिलाई द्यायला लोक कुरकुरतात.

लेबलावर लिहिलं होतं: ३६ बी. हा आकडा तिला लक्ष्मी रोडच्या एका बोळातल्या दुकानदारकाकांनी बावीस वर्षांपूर्वी दिला होता. काकांनी टेप वगैरे काही काढली नव्हती. ओढणीवरून एक नजर टाकली आणि मागे न बघता फळीवरून खोका काढला. त्यांच्या दुकानात सगळ्या खोक्यांवर बीच होतं. पुढचा आकडा काय तो बदलायचा. रेशनकार्डावरचं नाव जसं एकदा चुकलं की चुकलं, तसं ते ३६ बी पुढे बावीस वर्षं चालत राहिलं.

तिची भाची मुंबईत अंतर्वस्त्रांच्या एका कारखान्यात नमुने बेतते. तिला फोन केला, तर ती म्हणाली, "मावशी, वायर कपाला कंटाळून बाहेर येत नाही. पट्टा सैल असतो म्हणून येते. टेप घे आणि मी सांगते तशी मापं घे."

पहिलं माप छातीच्या बरोबर खाली, बरगड्यांवर. श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर आणि घट्ट. आले ३२ इंच. दुसरं माप सगळ्यांत भरलेल्या जागी, टेप नुसती टेकवून, दाबायची नाही. आले ३७. "फरक पाच," भाची म्हणाली. "एका इंचाला ए, दोनाला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी. तू ३२ डीडी आहेस."

लेखिका खुर्चीत बसली. तिच्या लेखी डीडी म्हणजे दूरदर्शन. फार तर सह्याद्री. आपण इतकी वर्षं इतक्या मोठ्या अक्षराच्या आहोत आणि कुणाला पत्ता नाही, या विचाराने तिला एकाच वेळी लाजही वाटली आणि किंचित बढती मिळाल्यासारखंही झालं.

दोन्ही भावना अनाठायी होत्या, हे भाचीने पुढच्या पाच मिनिटांत दाखवून दिलं. ते अक्षर म्हणजे वाटीचं माप नव्हेच. ती नुसती वजाबाकी आहे: भरलेलं माप वजा बरगडीचं माप. त्यामुळे एकटं 'बी' म्हणण्याला काही अर्थ नाही. ३२ची बी आणि ३८ची बी या शेजारी ठेवल्या तर एकीत लिंबू बसेल आणि दुसरीत मोसंबं. पट्टा एका मापाने वाढला की त्याच अक्षराची वाटीही वाढते. म्हणून पट्टा कमी केला आणि वाटी तेवढीच हवी असेल, तर अक्षर एकाने वाढवावं लागतं. ३६ बी, ३४ सी, ३२ डी या तिघींची वाटी एकच, वायरही एकच. धंद्यात यांना सिस्टर साइझ म्हणतात. सख्ख्या बहिणी, फक्त सासरचं आडनाव वेगळं.

म्हणजे हिशेब असा. बाईला हवी ३२ डीडी, ती घालत होती ३६ बी, आणि ३६ बीची वाटी म्हणजे ३२ डीची वाटी. बी ते डीडी हा प्रवास ऐकायला पुणे ते कन्याकुमारी वाटतो, पण वाटी प्रत्यक्षात एकच पायरी लहान होती. पट्टा मात्र दोन मापांनी, चांगला चार इंच मोठा होता. बावीस वर्षं अपराधी पट्टा होता आणि शिव्या कप खात होता.

मग ३६ आलं कुठून? काकांची नजर तशी चुकली नव्हती. ते जुन्या हिशेबाने चालत होते. त्या हिशेबात बरगडीच्या मापात चार इंच मिळवायचे आणि त्याला पट्टा म्हणायचं: ३२ अधिक ४ बरोबर ३६. मग ३७ वजा ३६ बरोबर एक, म्हणजे ए. दुकानात ए नसते, म्हणून बी. हे चार इंच मिळवणं पट्ट्याचं कापड ताणत नव्हतं त्या काळचं, असं कारागीर सांगतात. तेव्हा श्वास घ्यायला कुठूनतरी जागा काढावीच लागे. आता पट्टा जाळीदार पॉवरनेटचा असतो, तो आपला आपण ताणतो. त्यात वर चार इंच दिले की तो अंगाला धरतच नाही. अक्षरांची ही पद्धतही १९३०च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली, आणि तेव्हा ए ते डी एवढीच होती. डीच्या पुढच्या बायकांनी काय करायचं, हा प्रश्न तेव्हा कंपन्यांना पडला नव्हता. आमच्या काकांना तो अजून पडलेला नाही.

आता यजमान पेपरमागून बाहेर आले. पट्टा म्हणजे पायाच, आणि पायाचा विषय निघाला की त्यांना राहवत नाही.

"वजन कशावर येतं?" त्यांनी विचारलं. लेखिका म्हणाली, खांद्यावर. बहुतेक बायका हेच म्हणतील, कारण वळ खांद्यावर उठतात. यजमानांनी पेपराच्या समासात चित्र काढलं. खांदा म्हणजे विहिरीचा रहाट. स्ट्रॅप म्हणजे त्याच्यावरून गेलेला दोर. दोराचं एक टोक पुढे कपाला, दुसरं मागे पाठीवर पट्ट्याला. पुढे बादली भरलेली. मागचं टोक जर घट्ट बांधलेलं नसेल, तर बादली खाली जाणार आणि मागचं टोक वर येणार. बायकांची पाठीवरची पट्टी दुपारपर्यंत मानेकडे चढते, ती यामुळे. मग बाई काय करते? स्ट्रॅप आखडते. म्हणजे दोर आणखी ओढते. मागचा पट्टा आणखी वर चढतो, पुढचा भार आहे तिथेच राहतो, आणि खांद्यावर कावड वाहिल्यासारखी खाच पडते.

पट्टा घट्ट असला की चित्र पालटतं. तो बरगड्यांभोवती पिंपाच्या पट्टीसारखा सगळीकडून आवळतो आणि जागचा हलत नाही. वायर त्याला शिवलेली असते, त्यामुळे ती बरगडीवर खालच्या घडीत पक्की बसते. वाटी वायरवर उभी राहते. बहुतेक भार असा खालून घेतला जातो आणि स्ट्रॅपचं काम फक्त वाटीची वरची कड अंगाशी धरून ठेवायचं उरतं. परीक्षा सोपी आहे. ब्रा घालून दोन्ही स्ट्रॅप खांद्यावरून उतरवायचे. पट्टा जागच्या जागी राहिला, वाट्या थोड्याच खाली आल्या, तर पाया बरा. सगळा डोलारा पोटाकडे निघाला, तर इतके दिवस खांदेच राबत होते.

लेखिकेला आजीची चोळी आठवली. खणाची, पुढे गाठीची. तिला ना कप, ना वायर, ना अक्षर. पण गाठ कुठे यायची? बरोबर छातीच्या खाली. आणि ती रोज सकाळी आजी स्वतःच्या हाताने, त्या दिवशीच्या अंगाच्या मापाने आवळायची. चोळीची ती गाठ सैल सुटलेली कधी कुणी पाहिली नव्हती.

सैल पट्ट्याचं खरं कारस्थान वेगळंच असतं. पट्टा मागे चढला की पुढचा पूल अंगापासून सुटतो आणि वाट्या पुढे कलतात. कलल्या की वरची कड उघडी पडते, कापडाला सुरकुती येते. आरशात बघून बाई म्हणते, अगबाई, कप मोठा झाला. आणि जाऊन लहान कपाची आणते. तीही सैल पट्ट्याची. वायर आता घडीत बसायच्या ऐवजी मांसावर बसते, टोचते, आणि बाई मैत्रिणींना सांगते की वायरची ब्रा आपल्याला सोसत नाही. लेखिकेने हे नाटक दोनदा केलं होतं, एकदा तर दिवाळीच्या सेलमध्ये.

३२ डीडी पुण्यात तिला मिळाली नाही. चार दुकानांत मुलींनी "मॅम, ३४ डी ट्राय करा" म्हटलं. तेही अगदीच खोटं नव्हतं, बहीणच ती. पण पट्टा पुन्हा दोन इंच मोठा. तेव्हा भाचीने कागदी नमुना आणि सामान पाठवलं आणि बाईने मशिन उघडलं.

सपाट कापडाची वाटी करणं हे शिवणातलं सगळ्यांत जुनं कोडं. पोळी घ्या. मध्यापासून कडेपर्यंत एक तुकडा कापा आणि उरलेल्या कडा जुळवा. भेळेचा पुडा तयार. ब्लाउजचा टक्स म्हणजे हेच, आणि म्हणून नुसत्या टक्सचं ब्लाउज टोकदार दिसतं. टोक घालवायचं तर कापायची कड सरळ ठेवून चालत नाही, तिला पोट द्यावं लागतं. करंजीसारखं. दोन कडा, दोघींना बाक, आणि त्या एकमेकींना शिवल्या की मधल्या भागात कापड फुगून उभं राहतं. कटोरी ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. त्यातली कटोरी म्हणजे निम्मी ब्राच. बाक जितका जास्त, तितकी वाटी खोल.

भाचीच्या नमुन्यात एका वाटीचे तीन तुकडे होते. खालचे दोन एका उभ्या शिवणीने जोडायचे. ही शिवण वाटीला उभारी देते आणि भार पुढे वर ढकलते. मग वरचा तुकडा आडव्या शिवणीने. ती शिवण वाटीला गोलाई देते. दोन्ही शिवणी जिथे भेटतात तिथे बाक एकदम वळला तर टोक निघतं, टक्कल पडलेल्या डोक्यावर टेंगूळ यावं तसं. लेखिकेच्या पहिल्या वाटीवर ते आलं. कारण तिला सापडलं: मशिन चालवताना ती मधल्या टप्प्यावर थांबली होती, कापड वळवलं होतं आणि तिथे कोपरा पडला होता. तिने उसवून ती शिवण परत एका ओघात घेतली. शिलाईची माया फक्त सहा मिलिमीटर होती. ब्लाउजात ती इंचभर सोडते, पुढे अंग सुटेल म्हणून. इथे तेवढी सोडली तर वाटीच्या आत गाठोडं होतं. सहा मिलिमीटर माया, साधारण दीरजावांमध्ये असते तेवढी.

कापड कसं ठेवायचं यावर भाचीचा फोन दोनदा आला. वाटीचं कापड जवळजवळ न ताणणारं, आणि जो काही ताण असेल तो आडवा. उभा ताण आला तर आठवड्यात वाटी पिशवी होते. पंखांचं पॉवरनेट उलट: त्याचा जास्तीत जास्त ताण अंगाभोवती जायला हवा. मधला पूल मात्र अजिबात ताणता कामा नये, म्हणून त्याला आतून न ताणणारं अस्तर. पूल ताणला की दोन्ही वायरी एकमेकींपासून लांब जातात, आणि मग सगळं गणित फसतं. लेखिकेने पूल उरेब कापला होता. परत कापला.

वाटी चौकटीत बसवणं हे बाहीसारखंच. मधोमध खूण, टाचण्या, आणि वाटीची कड किंचित जास्त असल्याने ती आत जिरवत न्यायची, चुणी पडू द्यायची नाही. हे बाईला एका झटक्यात जमलं आणि तिने आरशासमोर स्वतःशी मान डोलावली. पुढे जे होतं त्याची तिला कल्पना नव्हती.

पुढे होती नळी. वायरची नळी, धंद्यातलं नाव चॅनेलिंग. डीडी आणि चॅनेल या दोन्ही गोष्टी एकाच कपड्यात असाव्यात, हा योगायोग लेखिकेला फार आवडला. ही नळी विणलेलीच मिळते, साधारण सेंटीमीटरभर रुंद, अंगाकडची बाजू मऊ. तिचं तत्त्व परकराच्या नेफ्यासारखं, फक्त नाडी पोलादाची. नेफ्याचं काम बाईने हजारदा केलं होतं, म्हणून ती बेफिकीर राहिली.

नेफा नाडीला अडवत नाही, कारण नाडी मऊ असते. चुकून एक टाका नाडीच्या वाटेत गेला तर नाडी वळसा घेते. पोलादाला वळसा घेता येत नाही. वाटी आणि चौकट जिथे जोडली, त्या शिवणीच्या मायेला आधी नळीची एक कड शिवायची. मग नळी चौकटीच्या बाजूला उलटवायची आणि दुसऱ्या कडेवर वरून टीप मारायची. दोन्ही टिपा नळीच्या अगदी काठावर हव्यात, मधला बोगदा मोकळा. बाईची दुसरी टीप वळणावर एक-दोन मिलिमीटर आत सरकली. बाहेरून काही दिसेना. वायर घातली तर खालच्या वळणावर अडली. ढकलली तर कापड फुगलं. आणखी ढकलली तर दुसऱ्या बाजूने बाहेर आली, सत्यनारायणातल्यासारखीच. कारण एवढंसं होतं, पण ते शोधायला तिने चारवेळा बोगद्यात आंधळी बोटं फिरवली. शेवटी जुन्या वायरीचं बोथट टोक घालून ती कुठे थांबते त्यावर खडूने खूण केली, आणि तेवढीच टीप उसवली.

वायरची लांबी नळीपेक्षा कमी लागते. दोन्ही टोकांना मिळून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोकळं सोडायचं. ब्रा अंगावर घातली की पट्टा ओढतो आणि वायर थोडी उघडते. तिला हलायला ती जागा लागते. जागा नसली की वायरचं टोक नळीच्या बंद तोंडावर धडका देत बसतं. ते तोंड बारटॅकने बंद केलेलं असतं, म्हणजे एकाच जागी दाट झिगझॅग. आणि पट्टा सैल असला तर वायर नुसती उघडत नाही. बाई हात वर करेल तशी ती वरखाली घासत राहते, दिवसाला शेकडो वेळा. सहा महिन्यांत बारटॅक झिजतो आणि वायर आरतीला बाहेर येते. लेखिकेने आपल्या जुन्या ब्राचं ते तोंड भिंगाखाली धरलं. टाके तुटलेले नव्हते, घासून केसाळ झाले होते. त्यात धुण्याच्या मशिनच्या पिळ्याचाही वाटा होताच. पण गुन्हेगार सापडला.

वायरींचा एक इतिहास यजमानांना फार आवडला. हॉवर्ड ह्यूज या विमानं बांधणाऱ्या अब्जाधीशाने १९४०च्या सुमारास जेन रसेल या नटीसाठी 'द आउटलॉ' नावाच्या चित्रपटाच्या वेळी वायरची एक खास ब्रा स्वतः आरेखित केली. कॅन्टिलिव्हरच्या तत्त्वावर, असं म्हणतात. चित्रपट १९४३ साली लागला आणि त्या ब्राची कथा हॉलिवुडमध्ये अजरामर झाली. पुढे १९८५ साली रसेलबाईंनी आत्मचरित्रात लिहून टाकलं, की ती ब्रा टोचत होती, त्यांनी ती कधी घातलीच नाही. स्वतःच्या ब्राच्या शिवणी झाकायला वर टिश्यू पेपर लावला, स्ट्रॅप आखडले आणि सेटवर गेल्या. ह्यूजला फरक कळला नाही. पुढे रसेलबाई टीव्हीवर ब्राच्या जाहिराती करायच्या, दुसऱ्या कंपनीच्या.

"विमान उडवणं सोपं," यजमान म्हणाले. "तिथे प्रवासी बोलत नाही."

आता वायरींचा खरा पेच आला. नळीत घालायला लेखिकेकडे फक्त जुन्या ३६ बीच्या वायरी होत्या. त्या ३२ डीच्या वायरी, आणि तिला हव्या होत्या ३२ डीडीच्या. तिने एकदा घालून पाहिल्याच. काखेकडचं टोक मागे बरगडीवर जायच्या ऐवजी छातीच्या कडेवर बसलं. हात खाली आणला की बोचे. वायर अरुंद असल्याची ही खूण. वायरने मांसाला वळसा घालून त्याच्या मागे बसायचं असतं. बरोबर मापाच्या सुट्या वायरी आणायला भाचीकडे आठवडा लागणार होता. बाईने कागदावर बहिणींची यादी मांडली. ३२ डीडी म्हणजे ३४ डी. म्हणजे ३६ सी. म्हणजे ३८ बी.

३८ बी! ती तर काकांच्या दुकानात नक्की असणार. बीशिवाय तिथे काही नसतंच.

ती लक्ष्मी रोडच्या त्या बोळात गेली. काका अजून तिथेच होते, केस पांढरे, नजर तीच. तिने ३८ बी वायरची मागितली. काकांनी एकदा पाहिलं, ओढणीवरून, आणि फळीवरून खोका काढताना समाधानाने म्हणाले, "मागच्या वेळीच सांगणार होतो ताई, आता एक नंबर वाढवा म्हणून."

तिने वाद घातला नाही. घरी येऊन तिने त्या नव्याकोऱ्या ब्राच्या दोन्ही बारटॅक उसवले, वायरी काढल्या आणि आपल्या नळीत सरकवल्या. लोण्यात सुरी जावी तशा गेल्या. तोंडं बंद केली. खालच्या कडेला इलॅस्टिक लावलं, एकदा सरळ बाजूने झिगझॅग, मग आत उलटवून वर तीनटाकी झिगझॅग, जेणेकरून ताणलं तरी दोरा तुटू नये. मागे हुकांची पट्टी. फासांच्या तीन रांगा का असतात, हे तिला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. ती सणावाराची सोय समजत होती, जेवण जास्त झालं तर म्हणून. प्रत्यक्षात नवी ब्रा सगळ्यांत बाहेरच्या, सैल रांगेत लावून घट्ट बसायला हवी. इलॅस्टिक महिन्यामहिन्याने ढिलं पडतं, तसं आतल्या रांगेकडे सरकायचं. नवी असतानाच सगळ्यांत आतल्या रांगेत जी बसते, तिला जायला पुढे जागाच नसते.

पहिल्यांदा घातल्यावर तिला वाटलं, आपण चुकलो, ही फारच आवळते. बावीस वर्षं सैल पायावर राहिलेल्याला घट्ट पाया तुरुंगच वाटतो. मागे पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम गेली. भाचीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "पूल छातीच्या हाडाला टेकलाय?" टेकला होता. "मागची पट्टी सरळ?" सरळ होती. "मग संध्याकाळपर्यंत राहू दे." दुपारी चारला लेखिकेच्या लक्षात आलं, की आज सकाळपासून तिने एकदाही खांद्यावर बोट घालून स्ट्रॅप सारखा केला नव्हता. उजव्या खांद्यावरची खाच मात्र तशीच होती, रहाटावरच्या दोराच्या घळीसारखी. एक वाटी किंचित रिकामी होती. बहुतेक बायकांच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात आणि माप मोठीचं धरायचं असतं, हे भाचीने आधीच सांगितलं होतं.

उरली वायरी काढलेली ३८ बी. टाकवेना, पैसे मोजले होते. दारात गप्पा मारताना तिने ती शेजारच्या काकूंना दाखवली, सांगितलं की आत वायर नाही, मऊ आहे. काकूंनी घरी नेली. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा एखादी ब्रा टोचली नाही, दुकानाचा पत्ता दे.

लेखिकेने दिला. काका काढून देतील तो खोका वायरीसकटच असणार, हे सांगायचं ती विसरली.